विक्रीचे पैसे अडकले आणि न सांगता सौदे झाले: ब्रोकरकडे तक्रार कशी मांडायची

प्रश्न: सर, मी सोमवारी ४०० शेअर्स १,१५० रुपयांनी विकले. दुसऱ्या आठवड्यात गुरुवारी पैसे काढायला गेलो तर ॲपमध्ये फक्त ७९,५०० काढता येतील असं दिसलं. लेजरला शिल्लक ३,०९,५००. खाली बघितलं तर निफ्टीच्या ऑप्शनचे कितीतरी सौदे आणि फ्युचरचा एक लॉट अजून उभा आहे. मी यातलं काहीही केलेलं नाही. रिलेशनशिप मॅनेजर म्हणतो, "थांबा, रिकव्हर करून देतो." ॲप चालू करताना एकदा त्याला ओटीपी सांगितला होता. मेसेज आले असतील, पण मी बघत नाही. पे-आउटची तक्रार आधी करू की सौद्यांची? आणि कुठे?

उत्तर:

दोन्ही एकाच तक्रारीत करा आणि आजच करा. वेगवेगळ्या केल्यात तर ब्रोकरचं काम सोपं होतं. पे-आउटच्या तक्रारीला तो उत्तर देईल की क्लायंटची पोझिशन उभी आहे, त्यासाठीचं मार्जिन म्हणजे अनामत ब्लॉक आहे, नियमाप्रमाणे तेवढी रक्कम राखली आहे. हे उत्तर कागदावर बरोबर दिसतं आणि तक्रार बंद होते. पैसे अडकले ते त्या पोझिशनमुळे, आणि पोझिशन तुमची नाहीच. या दोन गोष्टी एका कागदावर शेजारी आल्या तरच मार्जिनची सबब गळून पडते. मी बरीच वर्षं ब्रोकरकडे कम्प्लायन्सला होतो, तिथून अशी उत्तरं लिहून पाठवली आहेत, त्यामुळे ती कशी तयार होतात ते ठाऊक आहे.

लिहायला बसण्याआधी एक गोष्ट उरका, कारण ती दर तासाला महाग पडू शकते. तो फ्युचरचा लॉट. बाजार हलेल तसा रोजचा तोटा तुमच्या लेजरला पडत राहील. तुमच्या नोंदवलेल्या ईमेलवरून ब्रोकरच्या तक्रार-ईमेलवर (तो सौद्याच्या पावतीवर, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट नोटवर, आणि वेबसाइटवर छापलेला असतो) दोन ओळी पाठवा: हा सौदा माझ्या सूचनेने झालेला नाही, मला तो मान्य नाही, तो आपल्या जबाबदारीवर तात्काळ बंद करावा. वेळ नमूद करा. त्या दिवसात त्यांनी काही केलं नाही, तर लॉट तुम्ही स्वतः बंद करा आणि लगेच दुसरा मेल टाका की वाढता तोटा थांबवण्यासाठी हरकत कायम ठेवून बंद केला, सौदा मान्य केला असा याचा अर्थ नाही. काही जण सल्ला देतात की हातच लावू नका, लावलात तर सौदा स्वीकारल्यासारखं होतं. मला तो पटत नाही. पुढे लवादासमोर पहिला प्रश्न असतो की माहीत झाल्यावर तुम्ही काय केलंत, आणि "तोटा वाढताना बघत बसलो" हे उत्तर कोणालाच आवडत नाही. मात्र मेल आधी आणि बटण नंतर, हा क्रम चुकवू नका.

रिलेशनशिप मॅनेजरशी फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर बोलणं थांबवा. "ठीक आहे, बघा काय होतंय" एवढं एक वाक्यसुद्धा संमती म्हणून पुढे येतं. त्याचे जुने मेसेज, विशेषतः ते "रिकव्हर करून देतो", पुसू नका. स्क्रीनशॉट काढताना तारीख, वेळ आणि नंबर दिसू द्या. ॲपचा पासवर्ड आणि पिन बदला आणि एफ अँड ओ म्हणजे फ्युचर-ऑप्शनचा सेगमेंट बंद करायची विनंती त्याच मेलमध्ये घाला.

आता हिशेब. तक्रारीचा कणा हाच असतो आणि बहुतेक लोक नेमका हाच लिहीत नाहीत. तीन-तीन पानं संताप असतो, पण मागणीचा आकडा सापडत नाही. तुमच्या आकड्यांवरच करून दाखवतो. सोमवारची विक्री ४०० गुणिले १,१५०, म्हणजे ४,६०,००० रुपये. त्यातून एसटीटी, ब्रोकरेज आणि बाकीचे खर्च जातील. ते साधारण १,४०० धरू, नेमका आकडा कॉन्ट्रॅक्ट नोटवरून घ्या. हाती यायला हवे होते ४,५८,६००. आज लेजरला आहेत ३,०९,५००. आधीची शिल्लक शून्य होती असं धरलं, तर मधले १,४९,१०० त्या सौद्यांत गेले. लेजरमधल्या त्या तारखांच्या बिलांची बेरीज करून पाहा. समजा निव्वळ तोटा १,३१,२०० आणि ब्रोकरेज-करांसकट खर्च १७,९०० निघाला. एका आठवड्यात एवढा खर्च म्हणजे सौद्यांची संख्या फार मोठी आहे, आणि हे तक्रारीत जरूर सांगा. कधी स्वतःहून एफ अँड ओ न केलेल्या माणसाच्या खात्यात पैसे आल्याबरोबर धडाधड सौदे सुरू होतात, तेव्हा फायदा कोणाचा होतोय हे वाचणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. पहिला अनोळखी सौदा कोणत्या तारखेचा आहे तेही पाहा. विक्रीचे पैसे जमा झाले त्याच्याच आसपासची तारीख निघाली तर ती ठळक करा.

म्हणजे ३,०९,५०० वादात नाहीतच. ते तुमचे आहेत हे ब्रोकरच्या स्वतःच्या लेजरला मान्य आहे. त्यातले २,३०,००० फक्त त्या लॉटच्या मार्जिनपायी अडलेत. लॉट बंद झाला की, त्या दिवशीचा चढ-उतार सोडला तर, ही रक्कम मोकळी व्हायला हवी. उरलेले १,४९,१०० वादातले. मागणी अशीच दोन भागांत करा: बिनवादाची रक्कम ताबडतोब, वादातली चौकशीनंतर, आणि दोन्हींवर विलंबाचं व्याज. ७९,५०० काढता येतायत ते आजच काढून घ्या. पैसे घेतले म्हणून हक्क जात नाही, फक्त "हिशेब पूर्ण" असं काही लिहून देऊ नका.

एक पथ्य मात्र पाळा. त्या आठवड्यात एखाद्या सौद्यात फायदाही झाला असेल. नाकारायचे तर सगळे नाकारा. फायद्याचे ठेवून तोट्याचे नाकारणारा अर्ज पहिल्याच वाचनात विश्वास गमावतो. म्हणूनच वर मी निव्वळ तोट्याचा आकडा घेतला.

पे-आउटचा नियम थोडक्यात असा. आपल्याकडे २७ जानेवारी २०२३ पासून सगळे शेअर्स टी प्लस वन सेटलमेंटमध्ये आहेत. सोमवारी विकलं की एक्स्चेंजकडून पैसे मंगळवारी ब्रोकरकडे. तिथून एका कामकाजाच्या दिवसात ते तुमच्या बँकेत जायला हवेत. याला अपवाद एकच, तुम्ही रनिंग अकाउंटची संमती दिलेली असणे. खातं उघडताना बहुतेक सगळ्यांनी ती दिलेली असते, वाचून असो वा न वाचता. मग ब्रोकर पैसे आपल्याकडे ठेवू शकतो आणि तुम्ही निवडल्याप्रमाणे महिन्याला किंवा तिमाहीला एकदा हिशेब करून परत करतो. इथे लोक फसतात. "तुमचा तिमाही सेटलमेंट आहे, तेव्हा मिळतील" असं सांगितलं जातं आणि ते खरं वाटतं. पण संमती असली तरी तुम्ही मागितल्यावर मोकळी शिल्लक द्यावीच लागते: पैसे ब्रोकरकडे असतील तर एका कामकाजाच्या दिवसात, सौद्यांची देवाणघेवाण पुरी करणाऱ्या क्लिअरिंग संस्थेकडे असतील तर तीन कामकाजाच्या दिवसांत. शिवाय ही संमती कधीही मागे घेता येते. तीही त्याच मेलमध्ये मागे घ्या.

म्हणून विलंब कधीपासून मोजायचा हे तुमच्या संमतीवर ठरतं. संमती नसेल तर पहिल्या आठवड्यातल्या बुधवारच्या पुढे. संमती असेल तर तुम्ही गुरुवारी टाकलेल्या विनंतीपासून. विनंती टाकल्याचा स्क्रीनशॉट आणि ती नाकारली गेली असल्यास तो संदेश, दोन्ही जोडा. गुरुवारी तुम्ही नुसतं स्क्रीनवर पाहिलं असेल आणि विनंती टाकलीच नसेल, तर आत्ता पूर्ण रकमेची टाका. नाकारली जाऊ दे. ॲप तेवढी रक्कम टाकूच देत नसेल तर मागणी ईमेलने करा. न मागितलेल्या पैशांच्या विलंबाची तक्रार लंगडी पडते.

सौद्यांच्या बाबतीत कायद्याचं वजन तुमच्या बाजूला आहे आणि ते वापरा. सेबीने सप्टेंबर २०१७ मध्ये परिपत्रक काढलं, ते १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार क्लायंटने ऑर्डर दिल्याचा पुरावा हाती असल्याशिवाय ब्रोकरने सौदा करायचा नाही. पुरावा म्हणजे सही केलेला कागद, फोनचं रेकॉर्डिंग, नोंदवलेल्या ईमेलवरून आलेला मेल, इंटरनेट व्यवहाराचा लॉग, मोबाईलवरच्या मेसेजची नोंद किंवा कायद्याने पडताळता येईल अशी दुसरी नोंद. वाद झाला तर सिद्ध करायची जबाबदारी ब्रोकरची. तेव्हा "मी सौदे केले नाहीत हे कसं दाखवू?" या काळजीत पडू नका. तुम्ही प्रत्येक सौद्याची ऑर्डर कोणी, केव्हा, कुठून दिली याचा पुरावा मागायचा.

कुठून हे फार महत्त्वाचं आहे. एक्स्चेंजकडे जाणाऱ्या प्रत्येक ऑर्डरसोबत ती कोणत्या टर्मिनलवरून गेली याचा संकेतांक असतो. ऑर्डर डीलरच्या टर्मिनलवरून गेली असेल तर ब्रोकरला फोनचं रेकॉर्डिंग किंवा तत्सम काही द्यावं लागेल. तुमच्या लॉगिनमधून गेली असेल तर तो लॉग दाखवेल आणि म्हणेल, पासवर्ड तुमचा, ओटीपी तुमचा. तेव्हा आयपी पत्ता आणि उपकरणाचा तपशील मागा. त्या वेळी तुम्ही कामावर असाल आणि ऑर्डर ब्रोकरच्या शाखेच्या नेटवर्कवरून गेलेली निघाली, तर लॉग तुमच्याच कामाला येतो.

ओटीपीची गोष्ट लपवू नका. ती ब्रोकरकडून बाहेर आली तर सगळ्या तक्रारीवर संशय येतो. तुम्हीच लिहा की अमुक तारखेला, ॲप सुरू करण्यासाठी म्हणून त्यांच्या कर्मचाऱ्याने मागितला आणि मी सांगितला, सौद्यांची परवानगी दिली नव्हती. याने तुमची बाजू थोडी कमकुवत होते हे खरं. काही वेळा यामुळे तोटा विभागूनही दिला जातो. पण ॲप सुरू करण्यासाठी दिलेला एक ओटीपी म्हणजे खातं चालवायला दिलं असं होत नाही. तुम्ही डीडीपीआय, म्हणजे डीमॅट खात्यापुरता लेखी अधिकार, दिला असेल तर ब्रोकर तोही पुढे करेल. तो विकलेले शेअर्स डीमॅटमधून देणं, ते तारण ठेवणं अशा ठरावीक कामांपुरता असतो. तुमच्या नावाने ऑर्डर द्यायचा अधिकार त्यात नाही.

आता ब्रोकरचा नेहमीचा डाव. दिवस संपताना एक मुलगी फोन करते: "सर, आज आपल्या खात्यात निफ्टीचे हे हे सौदे झालेत, कन्फर्म ना?" आणि कामात असलेला माणूस "हो हो" म्हणून ठेवतो. हे रेकॉर्डिंग ऑर्डरचा पुरावा म्हणून पाठवलं जातं. ते ऐकताना कॉन्ट्रॅक्ट नोट शेजारी ठेवा. नोटवर प्रत्येक सौद्याचा ऑर्डर क्रमांक, ऑर्डरची वेळ आणि सौद्याची वेळ असते. ऑर्डर सकाळी १०:२२ ची आणि फोन दुपारी ३:४७ चा असेल, तर तो फोन ऑर्डर देण्याचा असूच शकत नाही. नियमाला पुरावा हवा तो सौद्याआधीचा. ही वेळेची तुलना एका छोट्या तक्त्यात मांडा: डावीकडे नोटवरची ऑर्डरची वेळ, उजवीकडे रेकॉर्डिंगची. मी पाहिलेल्या प्रकरणांत या तक्त्याने जे काम केलं ते लांबलचक युक्तिवादांनी केलं नाही.

तुमची खरी दुखरी जागा वेगळी आहे, ती म्हणजे मेसेज. ब्रोकरने सौद्यानंतर २४ तासांत कॉन्ट्रॅक्ट नोट पाठवायची असते, आणि एक्स्चेंजसुद्धा सौद्यांचा एसएमएस व ईमेल थेट गुंतवणूकदाराला पाठवतं. ब्रोकर म्हणेल, आठवडाभर रोज कळवत होतो, हरकत आली नाही, म्हणजे मान्य होतं. याला दोन उत्तरं आहेत. मौन म्हणजे सौद्याआधी दिलेली सूचना नव्हे. आणि तुम्हाला कळल्याबरोबर तुम्ही हरकत घेतलीत. दुसरं उत्तर आजचा मेल गेला तरच उभं राहतं. महिनाभर वाट बघून केलेली हरकत आणि पाहिल्याच्या दिवशी केलेली हरकत यांत फार फरक पडतो. रिलेशनशिप मॅनेजर "रिकव्हर करून देतो" म्हणतोय ते याचसाठी, दिवस जावेत म्हणून. आणि मेसेज मोबाईलमध्ये खरंच आलेत का, तेही तपासा. खात्यात दुसराच मोबाईल नंबर किंवा ईमेल टाकलेला निघाला, तर प्रकरण निष्काळजीपणाचं राहत नाही, फसवणुकीचं होतं. तेव्हा पोलिसांकडेही जा. पैसे तिसऱ्याच्या बँक खात्यात वळवलेले दिसले तर सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच कळवा.

तक्रार-ईमेलचा मसुदा असा ठेवा. लांबवू नका.

> क्लायंट कोड …, पॅन …
> दि. … रोजी मी ४०० शेअर्स विकले, निव्वळ येणे रु. ४,५८,६००. दि. … ते … या काळात माझ्या खात्यात सोबतच्या यादीतील एफ अँड ओ सौदे झाले. यातील एकाही सौद्याची सूचना मी दिलेली नाही. मला हे दि. … रोजी प्रथम कळले आणि सर्व सौद्यांना माझी हरकत आहे.
> मागणी: (१) लेजरप्रमाणे असलेले रु. ३,०९,५०० तात्काळ माझ्या बँक खात्यात जमा करावेत. या सौद्यांपोटी मार्जिन रोखण्यास माझी हरकत आहे. (२) या सौद्यांतील तोटा व खर्च रु. १,४९,१०० परत करावा. (३) दोन्ही रकमांवर येणे झाल्या तारखेपासून व्याज द्यावे. (४) प्रत्येक सौद्यासाठी सौद्यापूर्वीच्या सूचनेचा पुरावा, टर्मिनलचा तपशील, आयपी लॉग व मूळ रेकॉर्डिंग द्यावे. वादाचा निकाल लागेपर्यंत या नोंदी नष्ट करू नयेत.
> रनिंग अकाउंटची संमती मी आजपासून मागे घेत आहे. एफ अँड ओ सेगमेंट बंद करावा.

शेवटचं नोंदींबद्दलचं वाक्य सोडू नका. नोंदी किमान तीन वर्षं आणि वाद असेल तर तो मिटेपर्यंत जपणं ब्रोकरला बंधनकारक आहे, पण लेखी मागितलेलं रेकॉर्डिंग "सापडत नाही" म्हणणं जड जातं. हा सौदा ब्रोकरच्या ऑथराइज्ड पर्सन म्हणजे नेमलेल्या एजंटच्या ऑफिसातून झाला असेल, तर "तो आमचा कर्मचारी नाही" असं उत्तर येतं. त्याच्या कामाची जबाबदारीही ब्रोकरचीच.

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर, scores.sebi.gov.in वर जा. तक्रार एक वर्षाच्या आत करायची असते आणि आधी ब्रोकरकडे गेल्याचा पुरावा लागतो, तो म्हणजे वरचा मेल. ब्रोकरला उत्तरासाठी २१ दिवस. ते पटलं नाही तर १५ दिवसांत पहिला रिव्ह्यू मागा, तो एक्स्चेंज पाहतं. त्यानंतर दुसरा रिव्ह्यू सेबीकडे. ब्रोकरचं उत्तर आलं की लोकांना वाटतं प्रकरण संपलं, आणि ते १५ दिवस निघून जातात. तारीख लिहून ठेवा.

स्कोअर्सवर पे-आउट पटकन सुटतो, कारण तिथे वाद कमी आणि तारखा स्पष्ट असतात. न सांगता झालेल्या सौद्यांचे पैसे मात्र तिथे क्वचित पूर्ण मिळतात. पुरावा तोलून रक्कम ठरवायची असेल तर वाद ऑनलाइन सोडवणाऱ्या smartodr.in या पोर्टलकडे वळावं लागतं. स्कोअर्सवर तक्रार चालू असताना तिथे जाता येत नाही, म्हणून आधी ती संपू द्या. तिथे प्रथम कन्सिलिएशन, म्हणजे समेटाचा प्रयत्न, होतं, साधारण २१ दिवसांचं, गुंतवणूकदाराला त्याचा खर्च नाही. जमलं नाही तर लवाद, त्याला दाव्याच्या रकमेनुसार फी आहे. कन्सिलिएटर न जमलेल्या प्रकरणात ग्राह्य दाव्याची रक्कम नोंदवतो, आणि ब्रोकरलाच लवादात जायचं असेल तर तेवढी रक्कम त्याला आधी जमा करावी लागते. म्हणून कन्सिलिएशनची बैठक औपचारिकता समजू नका, वेळेचा तो तक्ता तिथेच दाखवा.

एक शक्यता तपासून घ्या. त्याच ब्रोकरकडच्या इतरांचेही पे-आउट अडकले असतील तर प्रश्न तुमच्या खात्यापुरता नाही. एनएसई आणि बीएसईच्या वेबसाइटवर त्या ब्रोकरवरच्या कारवाईच्या नोटिसा पाहा. कार्वीच्या प्रकरणात सेबीचा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०१९ चा आणि एनएसईने डिफॉल्टर जाहीर केलं ते नोव्हेंबर २०२० मध्ये. ब्रोकर डिफॉल्टर झाला की दावा एक्स्चेंजकडे आणि त्याच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे जातो, मुदत व मर्यादेसह. ती वेळ येण्याआधी उरलेली रक्कम आणि डीमॅटमधले शेअर्स सुरक्षित जागी हलवलेले बरे.

मेल गेल्यावर पहिल्या आठवड्यातच बहुधा फोन येईल: "निम्मं देतो, तक्रार मागे घ्या." तडजोड करायला हरकत नाही, ओटीपीमुळे तुमच्या बाबतीत ती विचार करण्यासारखीही आहे. पण ३,०९,५०० हे तडजोडीत मोजू देऊ नका, ते आधीच तुमचे आहेत. बोलणी फक्त १,४९,१०० वर. आणि तडजोडीच्या कागदावर "सर्व सौदे क्लायंटच्या संमतीने झाले" असं वाक्य आहे का ते पाहा. असेल तर खोडायला लावा, रक्कम आणि बँकेत जमा व्हायची तारीख घालून घ्या, आणि पैसे खात्यात आल्यावरच तक्रार मागे घ्या.